टेस्ट केसचा रिव्ह्यू कसा करायचा? एक ओटीपी स्क्रीन आणि माझी दहा मिनिटांची चूक

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी आईचा फोन आला. "अरे, तुमचं ते ॲप मला चोर समजतंय का? तीनदा ओटीपी टाकला, तीनदा चुकीचा म्हणाला. आता म्हणतंय पंधरा मिनिटं थांबा."

आई कोकणात आमच्या गावी असते. घरात रेंज नाही, पडवीत गेलं तर एखादी दांडी येते. मी विचारलं, "नक्की काय काय केलंस ते क्रमाने सांग." ती म्हणाली, "नंबर टाकला. मेसेज येईना, म्हणून 'पुन्हा पाठवा' दाबलं. मग मेसेज आला, त्यातले आकडे टाकले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेंज नसल्यामुळे पहिला एसएमएस अडकला होता. आईने 'पुन्हा पाठवा' दाबलं तेव्हा सर्व्हरने नवीन ओटीपी तयार केला आणि जुना रद्द केला. पण फोनवर आधी पोहोचला तो जुनाच. आई तोच टाकत राहिली, ॲप प्रत्येक वेळी 'चुकीचा' म्हणत राहिलं, आणि तिसऱ्या चुकीला नंबर लॉक झाला.

तो लॉग-इन माझ्याच टीमचा होता. त्याच्या टेस्ट केसेस माझ्या सहकारी मैत्रिणीने लिहिल्या होत्या. आणि त्या तपासून 'ठीक वाटतंय, ॲप्रूव्ह' असं लिहिणारा मी होतो. अकरा केसेस मी दहा मिनिटांत वाचून मोकळा झालो होतो.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच इंटर्नशिपला किंवा पहिल्या नोकरीला लागाल, आणि कोणीतरी एक शीट पाठवून म्हणेल, "जरा रिव्ह्यू कर ना." तेव्हा नेमकं काय करायचं, ते याच अकरा केसेस घेऊन सांगतो.

आधी टेस्ट केस म्हणजे काय ते बघू

ॲपमधली एक गोष्ट बरोबर चालते का हे बघण्यासाठी लिहिलेली कृती म्हणजे टेस्ट केस. तिचे तीन भाग असतात. पूर्वस्थिती, म्हणजे सुरू करताना ॲप कुठे आणि कशा अवस्थेत हवं. पायऱ्या, म्हणजे क्रमाने काय काय करायचं. आणि अपेक्षित निकाल, म्हणजे शेवटी काय दिसलं तर पास म्हणायचं.

आणि ॲपने कसं वागायचं हे ज्यात लिहिलेलं असतं ती रिक्वायरमेंट. आमच्या लॉग-इनची रिक्वायरमेंट पाच ओळींची होती:

अ. १० अंकी मोबाइल नंबर टाकल्यावर ६ अंकी ओटीपी एसएमएसने जाईल.
आ. ओटीपी ५ मिनिटं चालेल.
इ. ३० सेकंदांनी 'पुन्हा पाठवा' बटण सुरू होईल. नवीन ओटीपी गेला की जुना रद्द.
ई. सलग ३ वेळा चुकीचा ओटीपी टाकल्यास तो नंबर १५ मिनिटं लॉक.
उ. बरोबर ओटीपी टाकल्यास होम स्क्रीन उघडेल.

आणि मैत्रिणीच्या अकरा केसेस थोडक्यात अशा होत्या:

१. बरोबर नंबर, बरोबर ओटीपी
२. चुकीचा ओटीपी 123456
३. ओटीपी रिकामा ठेवून पुढे जाणे
४. ५ अंकीच ओटीपी टाकणे
५. ९ अंकी मोबाइल नंबर टाकणे
६. चुकीचा ओटीपी 999999
७. तीनदा चुकीचा ओटीपी, मग लॉक
८. चुकीचा ओटीपी 000000
९. मुदत संपलेला ओटीपी
१०. 'पुन्हा पाठवा' दाबल्यावर नवीन ओटीपी येणे
११. लॉग-इन स्क्रीन नीट दिसणे

नुसती यादी वाचली तर सगळं आलंय असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. ओळीवरून ओळीवर नजर जाते, प्रत्येक केस आपल्या जागी बरोबर दिसते, आणि जे लिहिलेलंच नाही ते कुठे दिसणार? म्हणून हाताशी यादी हवी, म्हणजे चेकलिस्ट. ही कल्पना जुनी आहे. आयबीएममधले मायकल फेगन यांनी १९७६ मध्ये डिझाइन आणि कोडच्या तपासणीवर एक लेख प्रसिद्ध केला. तपासणाऱ्याने कोणत्या प्रकारच्या चुका शोधायच्या याच्या याद्या त्या पद्धतीचा भाग होत्या.

माझी चेकलिस्ट तीन भागांची आहे, आणि प्रत्येक भागासाठी मी केसेस वेगळ्याने वाचतो. एकाच वाचनात तिन्ही गोष्टी शोधायला गेलं की शब्द सुधारण्यात वेळ जातो आणि सुटलेली जागा तशीच राहते.

पहिलं वाचन: ही केस मी न विचारता चालवू शकतो का?

केस ९ मूळ अशी लिहिलेली होती:

> पायऱ्या: ओटीपी मागवा. थोडा वेळ थांबा. ओटीपी टाका.
> अपेक्षित: योग्य मेसेज दिसावा.

वाचायला सोपी आहे. आता फोन हातात घेऊन ती खरंच चालवायला बसा. थोडा वेळ म्हणजे किती? मी चार मिनिटं थांबलो तर ओटीपी चालेल, सहा मिनिटं थांबलो तर चालणार नाही. म्हणजे ॲप तेच, केस तीच, आणि माणूस बदलला की निकाल बदलला. शिवाय 'योग्य मेसेज' म्हणजे कोणता? 'काहीतरी चुकलं' असं दिसलं तर पास की फेल? ते ज्याने-त्याने आपल्या मनाने ठरवायचं.

म्हणून या वाचनात मी चार प्रश्न विचारतो. सुरुवातीची स्थिती लिहिली आहे का? टाकायची माहिती नेमकी दिली आहे का? अपेक्षित निकाल असा आहे का की दोन माणसं स्वतंत्रपणे बघून एकच उत्तर देतील? आणि एका केसमध्ये एकच गोष्ट तपासली जातेय का? शेवटचा प्रश्न अशासाठी, की एका केसमध्ये चार गोष्टी घुसडल्या आणि ती फेल झाली, तर चारपैकी काय बिघडलं हे कळत नाही.

'योग्य', 'नीट', 'व्यवस्थित', 'थोडा', 'वगैरे' हे शब्द दिसले की मी तिथे थांबतोच. केस ११ मध्ये 'स्क्रीन नीट दिसावी' असं होतं. तिचं आम्ही असं केलं: फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वांत मोठी केल्यावर 'ओटीपी मिळवा' हे बटण पूर्ण दिसतं आणि दाबता येतं. आता हो किंवा नाही असं उत्तर देता येतं.

केस ९ सुधारल्यावर अशी झाली:

> पूर्वस्थिती: नंबर लॉक नाही. ओटीपी मागवलेला आहे आणि मागवल्याची वेळ नोंदवली आहे.
> पायऱ्या: ५ मिनिटं १० सेकंद होऊ द्या. एसएमएसमधला तोच ओटीपी टाका. 'पुढे' दाबा.
> अपेक्षित: 'ओटीपीची मुदत संपली आहे. नवीन ओटीपी मागवा.' असा मेसेज दिसतो. होम स्क्रीन उघडत नाही.

पाच मिनिटांऐवजी पाच मिनिटं दहा सेकंद का? कारण हाताने टेस्ट करताना नेमकं ५:०० गाठता येत नाही. बटण दाबल्यापासून सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचायला वेळ लागतो आणि तो दरवेळी वेगळा असतो. म्हणून हाताने ४:५० ला चालतो आणि ५:१० ला चालत नाही एवढं तपासायचं. नेमक्या सेकंदाची तपासणी डेव्हलपरच्या युनिट टेस्टमध्ये, जिथे घड्याळ कोडमधून पुढे-मागे करता येतं.

ही केस नीट लिहिताना आणखी एक प्रश्न निघाला. पाच मिनिटं मोजायची कधीपासून? सर्व्हरने ओटीपी तयार केल्यापासून की फोनवर एसएमएस आल्यापासून? रिक्वायरमेंटमध्ये ते नव्हतंच. आमच्याकडे सर्व्हरवर तयार झाल्यापासून मोजत होते. म्हणजे एसएमएस चार मिनिटांनी पोहोचला तर माणसाच्या हातात एकच मिनिट उरतं. केस स्पष्ट लिहायला बसलं की रिक्वायरमेंटमधला धूसरपणाही असा बाहेर येतो.

एक सवय सांगतो. सगळ्या केसेस चालवायला वेळ नसतो, पण कोणत्याही दोन केसेस मी खरोखर फोनवर चालवून बघतो, फक्त जे लिहिलंय तेच करत. कुठे अंदाज लावावा लागला तर तिथे खूण.

दुसरं वाचन: काय सुटलंय?

हा भाग सर्वांत अवघड, आणि माझी चूक इथेच झाली.

या वाचनाआधी मी शीट बंद करतो. फक्त रिक्वायरमेंट समोर ठेवतो आणि काय काय तपासायला हवं याची स्वतःची यादी कागदावर करतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मग शीट उघडून दोन्ही याद्या जुळवतो. आधी दुसऱ्याच्या केसेस वाचल्या की आपलं डोकं त्याच वाटेने चालायला लागतं, आणि त्याला जे सुचलं नाही ते आपल्यालाही सुचत नाही.

यादी करण्यासाठी तीन पायऱ्या.

पहिली, ओळ आणि केस यांची जुळणी. रिक्वायरमेंटच्या प्रत्येक ओळीसमोर ती तपासणाऱ्या केसेसचे क्रमांक लिहायचे. आमच्या शीटमध्ये ते असं निघालं:

| ओळ | केसेस | काय राहिलं |
|---|---|---|
| अ | १, ५ | ११ अंकी नंबर |
| आ | ९ | मुदतीच्या आत, अगदी शेवटी टाकलेला ओटीपी |
| इ | १० | जुना रद्द झाला का, ३० सेकंदांआधी बटण बंद आहे का |
| ई | ७ | १५ मिनिटांनी लॉक सुटतो का |
| उ | १ | – |

ओळ 'इ' बघा. तिच्यात तीन गोष्टी आहेत: बटण तीस सेकंदांनी सुरू होतं, नवीन ओटीपी जातो, जुना रद्द होतो. केस १० फक्त मधली गोष्ट तपासते. मी मात्र समोर एक क्रमांक दिसला म्हणून ओळ झाली असं समजलो होतो. तेव्हापासून ओळीत 'आणि', 'मग' किंवा पूर्णविराम दिसला की मी तिचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यासमोर केस मागतो.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. केसेस २, ३, ४, ६ आणि ८ कुठेच बसल्या नाहीत. अकरापैकी पाच केसेस 'चुकीचा ओटीपी टाकल्यावर कोणता मेसेज येतो' याच्यावर आहेत, आणि त्या मेसेजबद्दल रिक्वायरमेंटमध्ये एक शब्द नाही. एकीकडे गर्दी आणि दुसरीकडे रिकामं, असं चित्र होतं.

दुसरी पायरी, आकड्यांच्या कडा. रिक्वायरमेंटमध्ये आकडा दिसला की त्याच्या अलीकडे, त्यावर आणि पलीकडे काय होतं हे विचारायचं. डेव्हलपर कोडमध्ये 'पेक्षा कमी' लिहायच्या जागी 'पेक्षा कमी किंवा तेवढंच' लिहितो आणि चूक बरोबर त्या कडेवर बसते. हे बघा:

```
if (wrongCount > 3) lockNumber();
if (wrongCount >= 3) lockNumber();
```

पहिल्या ओळीत चौथ्या चुकीला लॉक होतो, दुसरीत तिसऱ्या. कोडमध्ये फरक एका चिन्हाचा. म्हणून तीनदा चुकीचा टाकून लॉक बघणं हवंच, पण दोनदा चुकीचा आणि तिसऱ्यांदा बरोबर टाकून लॉग-इन होतं का, हेही हवं. शिवाय रिक्वायरमेंटमध्ये 'सलग' असा शब्द आहे. दोनदा चुकलो, मग बरोबर टाकून आत गेलो, बाहेर पडलो, पुन्हा एकदा चुकलो. आता लॉक व्हायला नको, कारण चुका सलग नाहीत. एका शब्दातून एक केस निघाली.

तिसरी पायरी, नियमांच्या जोड्या. आईची अडचण याच जागी होती. पाच ओळींच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी घ्यायची आणि विचारायचं: या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तर? बऱ्याच जोड्यांतून काही निघत नाही आणि त्या लगेच सोडून देता येतात. पण 'इ' आणि 'ई' ही जोडी घ्या, म्हणजे पुन्हा पाठवणं आणि चुका मोजणं. त्यातून एका दमात चार प्रश्न निघतात:

- 'पुन्हा पाठवा' दाबल्यावर जुना ओटीपी टाकला, तर ती चूक धरायची का?
- 'पुन्हा पाठवा' दाबल्याने आधी मोजलेल्या चुका शून्य होतात का?
- नंबर लॉक असताना 'पुन्हा पाठवा' दाबता येतं का?
- दोनदा चुकून ॲप पूर्ण बंद केलं आणि पुन्हा उघडून नवीन ओटीपी मागवला, तर मोजणी कुठून सुरू होते?

दुसरा आणि चौथा प्रश्न सुरक्षेचे आहेत. 'पुन्हा पाठवा' दाबून किंवा ॲप बंद करून मोजणी शून्य होत असेल, तर तीन चुकांच्या नियमाला अर्थ उरत नाही. कोणीही दोन अंदाज करील, पुन्हा पाठवील, आणखी दोन करील, आणि हे चालूच राहील. म्हणून मोजणी फोनवर नाही, सर्व्हरवर हवी. आमच्याकडे ती सर्व्हरवरच होती. पण ती तिथे आहे हे तपासणारी केस एकही नव्हती.

पहिला प्रश्न आईचा. त्याचं उत्तर रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं. जुना ओटीपी रद्द, एवढंच लिहिलेलं. तो टाकणाऱ्याला काय म्हणायचं आणि ती चूक मोजायची का, हे कोणी ठरवलंच नव्हतं. अशा वेळी रिव्ह्यू करणाऱ्याने आपल्या मनाने उत्तर लिहायचं नसतं. तो प्रश्न रिक्वायरमेंट ठरवणाऱ्याकडे पाठवायचा आणि उत्तर आल्यावर केस लिहायची.

आम्ही तो पाठवला, पण आईचा फोन आल्यानंतर. उत्तर असं ठरलं: टाकलेले आकडे लगेच आधीच्या ओटीपीशी तंतोतंत जुळत असतील तर 'हा जुना ओटीपी आहे, सर्वांत नवीन एसएमएसमधला टाका' असं सांगायचं आणि ती चूक मोजायची नाही. बाकी कोणताही चुकीचा आकडा नेहमीप्रमाणे मोजायचा. त्यामुळे अंदाजाने आकडे टाकणाऱ्याला जवळपास काहीच फायदा होत नाही आणि पडवीत रेंज शोधणारी माणसं बाहेर अडकत नाहीत.

तिसरं वाचन: तेच पुन्हा कुठे लिहिलंय?

पुनरावृत्ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

पहिली पायऱ्यांची. आमच्या शीटमध्ये केस ५ आणि ११ सोडल्या तर बाकी नऊ केसेस याच चार ओळींनी सुरू होत होत्या: ॲप उघडा, भाषा निवडा, मोबाइल नंबर टाका, 'ओटीपी मिळवा' दाबा. नऊ गुणिले चार, छत्तीस ओळी. वाचताना कंटाळा येतो, पण खरा त्रास पुढे होतो. नंतर आम्ही भाषेची स्क्रीन लॉग-इनच्या पुढे नेली. नऊ जागी बदल करायचा होता, सात जागी झाला. उरलेल्या दोन केसेस चालवताना नवीन टेस्टर भाषेची स्क्रीन शोधत बसला आणि नसलेला बग नोंदवून मोकळा झाला.

यावर उपाय सोपा आहे. त्या चार ओळी एकदाच लिहायच्या, त्यांना 'तयारी क: ओटीपी स्क्रीनवर पोहोचणे' असं नाव द्यायचं आणि प्रत्येक केसच्या पूर्वस्थितीत 'तयारी क' एवढंच लिहायचं. बदल झाला की एका जागी.

दुसरी पुनरावृत्ती हेतूची. पायऱ्या वेगळ्या दिसतात पण तपासतात एकच गोष्ट. केस २ आणि ६ बघा: 123456 आणि 999999. ॲपच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, सहा अंकी पण न जुळणारे. एकातून जे कळतं त्यापेक्षा दुसऱ्यातून काही जास्त कळत नाही, म्हणून केस ६ काढली. केस ३ आणि ४ मध्ये पायऱ्या तंतोतंत सारख्या, फक्त टाकायची माहिती वेगळी. अशा केसेस काढायच्या नसतात. एकच केस ठेवून खाली माहितीचा छोटा तक्ता द्यायचा: रिकामा, ५ अंक, ७ अंक, आणि प्रत्येकासमोर अपेक्षित निकाल.

आता केस ८, म्हणजे 000000. मी म्हटलं हीसुद्धा २ सारखीच, काढून टाकू. पण पुसण्याआधी मैत्रिणीला विचारलं, "ही वेगळी का लिहिलीस?" ती म्हणाली, "ओटीपी शून्याने सुरू झाला तर काय, ते बघायचं होतं मला."

मुद्दा अगदी बरोबर होता. कोडमध्ये ओटीपी अक्षरांऐवजी संख्या म्हणून ठेवला तर पुढची शून्यं गळून पडतात. 004217 चं 4217 होतं आणि बरोबर ओटीपी टाकूनही तो चुकीचा ठरू शकतो. फक्त केस जशी लिहिली होती तशी तिने हे पकडलं नसतं, कारण 000000 हा त्या केसमध्ये चुकीचाच ओटीपी होता आणि नाकारला जाणारच होता. आम्ही ती बदलली: टेस्टसाठीच्या सर्व्हरवर ओटीपी 004217 असा ठरवून ठेवायचा, तोच टाकायचा आणि होम स्क्रीन उघडते का बघायचं. मी न विचारता ती ओळ पुसली असती तर शीटमधली एक चांगली कल्पना तिच्याबरोबर गेली असती. म्हणून डुप्लिकेट वाटणाऱ्या केससमोर मी 'काढा' लिहीत नाही. 'ही केस २ पेक्षा वेगळं काय तपासते?' असं विचारतो.

शेरे कसे लिहायचे

पूर्वी मी 'केस ९ अस्पष्ट' एवढंच लिहायचो. समोरच्याला राग येतो, आणि काय बदलायचं ते कळतही नाही. आता शेऱ्यात तीन गोष्टी असतात: कुठे, काय अडलं आणि ते किती महत्त्वाचं. उदाहरणार्थ, 'केस ९, पायरी २: थोडा वेळ म्हणजे किती? मी ४ मिनिटं थांबलो तर निकाल उलटा येतो. बदलणं आवश्यक.' किंवा 'केस १: केसचं नाव छोटं करता येईल. ऐच्छिक.' आवश्यक आणि ऐच्छिक असं वेगळं लिहिल्याने समोरच्याला वीस शेऱ्यांतून आधी कोणते तीन घ्यायचे हे लगेच कळतं.

सगळं झाल्यावर आमच्या केसेस अकराच्या सोळा झाल्या. एक काढली, दोन एकत्र केल्या, सात नव्या आल्या. तरी शीट पूर्वीपेक्षा लहान झाली, कारण ती छत्तीस ओळींची पुनरावृत्ती गेली. रिव्ह्यूला सव्वा तास लागला.

चेकलिस्ट

हवी तर कॉपी करून ठेवा:

१. सुरुवातीची स्थिती लिहिली आहे का?
२. टाकायची माहिती नेमकी आहे का?
३. निकाल बघून दोन माणसं एकच उत्तर देतील का?
४. एका केसमध्ये एकच तपासणी आहे का?
५. रिक्वायरमेंटच्या ओळीच्या प्रत्येक तुकड्यासमोर केस आहे का?
६. प्रत्येक आकड्याच्या अलीकडची, नेमकी आणि पलीकडची किंमत घेतली आहे का?
७. नियमांच्या जोड्या करून बघितल्या का?
८. ज्याचं उत्तर रिक्वायरमेंटमध्ये नाही, असा प्रश्न पुढे पाठवला का?
९. सारख्या पायऱ्या एका जागी आणल्या का?
१०. सारख्या हेतूच्या केसेसबद्दल लिहिणाऱ्याला विचारलं का?

या यादीलाही मर्यादा आहे. तिच्यात कुठेही 'एसएमएस उशिरा आला तर' असं लिहिलेलं नाही. सातवा प्रश्न तुम्हाला तिथपर्यंत नेतो, पण पडवीत उभं राहून मेसेजची वाट बघणारं माणूस डोळ्यांसमोर तुम्हालाच आणावं लागतं. आणि यादी पाठ झाली की हात आपोआप टिक करायला लागतो. म्हणून मी प्रत्येक टिकसमोर केसचा क्रमांक लिहितो. क्रमांक सापडला नाही तर टिक नाही. शिवाय एखादा बग सुटून बाहेर गेला की तो कोणत्या प्रश्नाने पकडला असता ते बघतो, आणि तसा प्रश्न नसेल तर यादीत घालतो. आमच्या टीमच्या यादीत आता अकरावा प्रश्न आहे: 'नेटवर्क मंद असेल आणि उत्तरं उलट्या क्रमाने आली तर?'

नवीन आवृत्ती आल्यावर आईला फोन केला आणि मुद्दाम 'पुन्हा पाठवा' दाबून जुना ओटीपी टाकायला सांगितला. तिने स्क्रीनवरचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, मग म्हणाली, "हे आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"